महापालिका नेमकी कोणाच्या हातात? लंडन, टोरांटो आणि आपण

आमच्या प्रभागात जवळजवळ चार वर्षं नगरसेवकच नव्हता. २०२२ च्या मार्चमध्ये मुदत संपली आणि मग प्रशासक बसले, ते बसलेच. शहराचं नाव लिहीत नाही, कारण महाराष्ट्रात बहुतेक मोठ्या शहरांत तेव्हा हेच चालू होतं. त्या काळात आमच्या गल्लीतलं ड्रेनेजचं चेंबर दर पावसाळ्यात तुंबायचं, आम्ही वॉर्ड ऑफिसला अर्ज द्यायचो, पोच घ्यायचो आणि परत यायचो. पूर्वी नगरसेवकाला रात्री फोन लावून दोन शब्द सुनावता तरी यायचे, आता सुनावणार कुणाला? तर एकदा शेजारचे देशपांडे काका म्हणाले, "आपण सरळ दिल्लीला लिहूया, पंतप्रधान कार्यालयात तक्रार टाकू, की आमच्या महापालिकेची इलेक्शन का लावत नाही म्हणून."

मी म्हटलं काका, दिल्लीचा यात हात पोचत नाही. काकांना ते पटेना. त्यांचं म्हणणं असं, की सगळ्यात वरती दिल्ली, तर दिल्लीनं सांगितलं की झालं. आणि खरं सांगायचं तर जगात असे देश आहेत जिथे काकांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर ठरतं. फक्त भारत त्यातला नाही. तर हा फरक नेमका काय आहे ते एकदा नीट लिहून काढावं म्हणून हा लेख.

सुरुवात सातबाऱ्यापासून करतो, कारण मला स्वतःला हा विषय तसाच समजला. समजा देशातली सत्ता म्हणजे एक जमीन आहे. काही देशांत त्या जमिनीच्या सातबाऱ्यावर एकच नाव असतं, देशाच्या संसदेचं. खाली जिल्हे, शहरं, गावं सगळी असतात, निवडणुका होतात, महापौर असतात, पण जमीन त्यांच्या नावावर नसते, ती संसदेनं कसायला दिलेली असते. याला एकात्म पद्धत म्हणतात. ब्रिटन, फ्रान्स, डेन्मार्क, जपान हे असे देश. दुसऱ्या प्रकारात सातबाऱ्यावर दोन नावं असतात, केंद्र आणि राज्य, आणि दोघांचे हिस्से राज्यघटनेत आखून दिलेले असतात, एकाला दुसऱ्याच्या हिश्श्यात मनाला येईल तेव्हा नांगर घालता येत नाही. हे संघराज्य. अमेरिका, कॅनडा, जर्मनी, ऑस्ट्रेलिया, आणि बऱ्याच अंशी आपण.

आता इथे बहुतेक लोक एक उडी मारतात आणि तिथेच चुकतात. त्यांना वाटतं संघराज्य म्हणजे सत्ता वाटलेली, म्हणजे महापालिका पण जास्त मोकळी. पण सातबारा परत बघा. दोन नावं आहेत, केंद्र आणि राज्य. तिसरं नाव कुठंय? महापालिकेचं नाव दोन्ही पद्धतींत मालक म्हणून सहसा नसतं. संघराज्यात ती राज्याच्या हिश्श्यात कसणारी असते. म्हणजे मालक बदलला, महापालिका मालक झाली नाही. हे एकदा डोक्यात बसलं की पुढच्या दोन्ही गोष्टी सरळ समजतात.

पहिली गोष्ट लंडनची.

१९६५ साली लंडनसाठी एक मोठी संस्था सुरू झाली, ग्रेटर लंडन कौन्सिल. खाली ३२ बरो, म्हणजे आपल्याकडच्या छोट्या महापालिकांसारख्या, शिवाय जुनी सिटी ऑफ लंडन, आणि वरती अख्ख्या शहराचं बघायला ही कौन्सिल. १९८१ च्या निवडणुकीत तिथे मजूर पक्ष आला आणि केन लिव्हिंगस्टन तिचे नेते झाले, तर देशाचं सरकार होतं मार्गारेट थॅचरबाईंचं, हुजूर पक्षाचं. दोघांचं एकाही गोष्टीवर पटत नव्हतं. कौन्सिलनं आल्या आल्या बस आणि मेट्रोची भाडी साधारण एक तृतीयांशानं उतरवली आणि तो खर्च स्थानिक करातून काढायचं ठरवलं, तर एका बरोनं त्यावर केस केली आणि डिसेंबर १९८१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायपीठानं तो निर्णय बेकायदा ठरवला. कारण काय, तर कायद्यानं कौन्सिलला जेवढा अधिकार दिलाय त्याच्या बाहेर हे जातंय. लक्षात घ्या, लोकांनी निवडून दिलं होतं, जाहीरनाम्यात भाडी कमी करू असं छापलेलं होतं, तरी शेवटी प्रश्न एवढाच विचारला गेला की संसदेच्या कायद्यात हे बसतं का.

कौन्सिलची इमारत होती काउंटी हॉल, थेम्स नदीच्या काठावर, आणि बरोबर समोरच्या काठाला संसद. तर कौन्सिलनं काय केलं, आपल्या इमारतीवर लंडनमधल्या बेरोजगारांचा आकडा मोठ्या अक्षरांत लावला आणि तो नवीन आकड्यांप्रमाणे बदलत ठेवला. खासदार संसदेतून नदीकडे बघणार आणि समोर तो आकडा. महापालिका आणि देशाचं सरकार यांचं भांडण असं एका नदीच्या दोन काठांवर उभं राहिलेलं मी दुसरं कुठलं वाचलेलं नाही.

१९८३ च्या निवडणुकीत थॅचरबाईंच्या पक्षानं जाहीरनाम्यात लिहिलं की ही कौन्सिल बंद करू, आणि जिंकल्यावर ते केलं. कसं केलं ते बघण्यासारखं आहे. मे १९८५ मध्ये कौन्सिलची निवडणूक व्हायची होती, तर १९८४ मध्ये आधी एक छोटा कायदा करून ती निवडणूकच रद्द केली आणि आहे त्याच सभासदांची मुदत थोडी वाढवली. मग १९८५ मध्ये मुख्य कायदा केला. आणि ३१ मार्च १९८६ च्या मध्यरात्री ग्रेटर लंडन कौन्सिल संपली, आणि तिच्याबरोबर मँचेस्टर, लिव्हरपूल, बर्मिंगहॅम वगैरे भागांतल्या आणखी सहा महानगर परिषदा पण संपल्या. कामं बरोंना आणि वेगवेगळ्या मंडळांना वाटून दिली. लाखो लोकांचं शहर आणि अख्ख्या शहराचं बघणारी निवडून आलेली एकही संस्था नाही, अशी पुढची चौदा वर्षं गेली.

यासाठी घटनादुरुस्ती लागली का? नाही. दोन तृतीयांश बहुमत? नाही. लंडनकरांची संमती? तीही नाही. साधा कायदा, साधं बहुमत. कोर्ट ते थांबवू शकत नव्हतं, कारण ब्रिटनमध्ये संसदेनं नीट केलेला कायदा कोर्ट रद्द करू शकत नाही. एकात्म पद्धतीत मालक एकच असतो म्हणजे काय, ते इथे दिसतं. मग १९९७ मध्ये सरकार बदललं, १९९८ मध्ये जनमत घेतलं, त्यात ७२ टक्के लोकांनी हो म्हटलं आणि २००० साली लंडनला पुन्हा शहराची संस्था आणि थेट निवडून आलेला महापौर मिळाला. पहिला महापौर कोण? केन लिव्हिंगस्टनच, तेही अपक्ष म्हणून. पण ही परत मिळालेली संस्थासुद्धा संसदेनंच दिली, आणि कायद्यानं दिलेलं कायद्यानं काढता येतं ही गोष्ट तशीच राहिली.

हे जुनं झालं असं वाटत असेल तर बर्मिंगहॅम बघा. सप्टेंबर २०२३ मध्ये तिथल्या कौन्सिलनं जाहीर केलं की आता आमच्याकडे कायद्यानं बंधनकारक असलेल्या कामांपलीकडे खर्चाला पैसे नाहीत. बायकांना समान पगार न दिल्याचे जुने दावे आणि एका फसलेल्या कॉम्प्युटर सिस्टीमचा खर्च, ही मोठी कारणं. पुढच्याच महिन्यात लंडनच्या सरकारनं तिथे आपले कमिशनर नेमले. नगरसेवक घरी गेले नाहीत, ते होतेच, पण महत्त्वाच्या निर्णयांवर या नेमलेल्या लोकांचा हात आला. त्यातही एक बारीक गोष्ट आहे. इंग्लंडमध्ये कौन्सिलला आपला स्थानिक कर एका ठरावीक मर्यादेच्या वर वाढवायचा असेल तर आधी लोकांचं मतदान घ्यावं लागतं, आणि ती मर्यादा किती हे देशाचं सरकार ठरवतं. बर्मिंगहॅमला २०२४-२५ साठी जवळजवळ १० टक्के वाढ करायची होती, नेहमीच्या मर्यादेच्या साधारण दुप्पट, तर त्यासाठी सरकारनं खास सूट दिली. म्हणजे शहर बर्मिंगहॅम, घरपट्टी भरणारे बर्मिंगहॅमचे, आणि किती वाढवता येईल ते ठरणार लंडनला.

आता दुसरी गोष्ट, टोरांटोची, आणि ही मला जास्त महत्त्वाची वाटते कारण इथे संघराज्य आहे आणि तरी असं झालं.

कॅनडाची घटना १८६७ ची. तिच्या कलम ९२ मध्ये प्रांतांच्या म्हणजे राज्यांच्या अधिकारांची यादी आहे आणि त्यात आठव्या नंबरला एक छोटीशी ओळ आहे, प्रांतातल्या महापालिका संस्था. बस एवढंच. केंद्राचा हात नाही आणि महापालिकेला स्वतःचा हक्क पण नाही, ती प्रांताच्या यादीतली एक नोंद आहे. आपल्याकडे सातबाऱ्यावर विहीर, आंब्याची झाडं यांची नोंद असते ना, तशी.

टोरांटोमध्ये तेव्हा ४४ वॉर्ड होते. शहर वाढलं होतं म्हणून कौन्सिलनं अभ्यास करून, लोकांची मतं घेऊन वॉर्ड ४७ करायचं ठरवलं होतं. निवडणुकीची तारीख २२ ऑक्टोबर २०१८. उमेदवारी अर्ज १ मे पासून सुरू झाले, लोक प्रचाराला लागले, पत्रकं छापली, दारोदार फिरले, देणग्या जमवल्या. अर्ज भरायचा शेवटचा दिवस होता २७ जुलै. आणि नेमकं त्याच दिवशी ऑन्टारिओ प्रांताचे नवे प्रीमियर डग फोर्ड यांनी जाहीर केलं की टोरांटोमध्ये ४७ नाही, २५ च वॉर्ड असतील. प्रीमियर म्हणजे आपल्या भाषेत मुख्यमंत्री. हे फोर्ड स्वतः टोरांटोचे माजी नगरसेवक, २०१४ मध्ये तिथे महापौरपदाला उभे राहून हरलेले, आणि जून २०१८ मध्ये प्रांताची निवडणूक जिंकून आलेले. त्या निवडणुकीत वॉर्ड कमी करायचा विषय त्यांनी लोकांसमोर ठेवला नव्हता.

१४ ऑगस्टला कायदा झाला पण. निवडणूक चालू असताना, मध्येच. तुम्ही एखाद्या वॉर्डात तीन महिने घरोघरी फिरलात आणि सकाळी उठून कळलं की तो वॉर्डच नकाशावर नाही, त्याचे तुकडे दोन-तीन वॉर्डांत गेलेत, आणि ज्याच्याशी तुमची लढत नव्हती तो शेजारचा ओळखीचा उमेदवार आता तुमच्यासमोर उभा आहे. एका वॉर्डातली लोकसंख्या सरासरी ६१ हजारांवरून १ लाख ११ हजारांवर गेली. मतदाराच्या बाजूनं बघितलं तर ज्या नगरसेवकाकडे आधी ६१ हजार लोक कचरा, झाडं, पार्किंग घेऊन जायचे तिथे आता जवळजवळ दुप्पट.

शहर कोर्टात गेलं. १० सप्टेंबरला पहिल्या कोर्टानं सांगितलं की हा कायदा घटनाबाह्य आहे, चालू निवडणुकीत असं करणं म्हणजे उमेदवारांच्या अभिव्यक्तीच्या हक्कावर घाला. फोर्ड यांनी लगेच सांगितलं की मी घटनेतलं ते कलम वापरीन ज्यानं कोर्टाचा निकाल बाजूला ठेवून कायदा लागू करता येतो. तशी वेळ आली नाही, कारण १९ सप्टेंबरला वरच्या कोर्टानं पहिल्या निकालाला स्थगिती दिली आणि निवडणूक २५ वॉर्डांवरच झाली. केस मात्र चालू राहिली आणि १ ऑक्टोबर २०२१ ला कॅनडाच्या सुप्रीम कोर्टानं पाच विरुद्ध चार मतांनी प्रांताच्या बाजूनं निकाल दिला. कोर्टाचं म्हणणं थोडक्यात असं, की महापालिकांवर प्रांताचा पूर्ण अधिकार आहे, घटनेतला मतदानाचा हक्क संसद आणि प्रांतांच्या विधानसभांसाठी आहे, महापालिकेसाठी नाही, आणि लोकशाहीसारख्या न लिहिलेल्या तत्त्वावर बोट ठेवून आम्ही कायदा रद्द करू शकत नाही.

आणि या सगळ्यात ओटावा, म्हणजे कॅनडाची दिल्ली, कुठे होती? ती यात पडली नाही. देशपांडे काकांची आयडिया टोरांटोच्या लोकांनी पण वापरून बघितली असती तर उत्तर तेच आलं असतं, की हा विषय आमच्या हिश्श्यात नाही.

टोरांटोवर ही पहिली वेळ पण नव्हती. १ जानेवारी १९९८ ला प्रांतानं जुनं टोरांटो, एटोबिको, स्कारबरो, नॉर्थ यॉर्क, यॉर्क आणि ईस्ट यॉर्क अशा सहा नगरपालिका एकत्र करून एकच शहर केलं. त्याआधी तिथल्या लोकांनी मतदान करून सुमारे तीन चतुर्थांश मतांनी नको म्हटलं होतं. ते मतदान प्रांतावर बंधनकारक नव्हतं, त्यामुळे एकत्रीकरण झालं.

म्हणजे लंडन आणि टोरांटो शेजारी ठेवले तर दिसतं काय, की वरच्या सरकारला खालची संस्था आवडली नाही किंवा महाग वाटली, त्यानं साधा कायदा करून ती मोडली किंवा कापली, आणि ती संस्था काहीही करू शकली नाही. फरक एवढाच की लंडनला ते काम देशाच्या संसदेनं केलं आणि टोरांटोला प्रांताच्या विधानसभेनं. अमेरिकेतही हेच. २०१३ मध्ये मिशिगन राज्याच्या गव्हर्नरनी कर्जात बुडालेल्या डेट्रॉइट शहरावर एक आणीबाणी व्यवस्थापक नेमला, ज्याच्या हातात निवडून आलेल्या महापौर आणि कौन्सिलच्या वरचे अधिकार होते आणि त्यानंच त्या जुलैमध्ये शहराची दिवाळखोरी दाखल केली. बर्मिंगहॅम आणि डेट्रॉइट यांचं दुखणं एकच होतं, तिजोरी रिकामी. एकाकडे माणूस लंडनहून आला, दुसऱ्याकडे राज्याच्या राजधानीतून. वॉशिंग्टननं कुणी पाठवला नाही.

पण अमेरिकेत एक गोष्ट वेगळी आहे. तिथल्या बऱ्याच राज्यांनी आपल्या राज्यघटनेतच शहरांना काही बाबतीत स्वतःचा कारभार करायचा हक्क लिहून दिलाय. जर्मनीनं तर देशाच्या घटनेतच कलम २८ मध्ये लिहिलंय की गावांना आणि शहरांना स्थानिक समाजाचे सगळे विषय कायद्याच्या चौकटीत स्वतःच्या जबाबदारीवर हाताळायचा हक्क आहे, आणि त्यावर घाला आला तर तिथली नगरपालिका थेट घटनात्मक कोर्टात दाद मागू शकते. सातबाऱ्यावर शेवटी एक रकाना असतो बघा, इतर अधिकार. मालक दुसरा असतो, पण कुळाचं, बँकेचं, वाटेचं नाव त्यात असेल तर मालकाला ते पुसता येत नाही आणि ते टाळून व्यवहारही करता येत नाही. जर्मनीत महापालिका त्या रकान्यात आहे. टोरांटो नव्हती, लंडन पण नव्हतं.

मग आपण कुठे आहोत?

आपल्या घटनेत स्थानिक शासन हा विषय राज्यसूचीत आहे, पाचवी नोंद. म्हणजे मूळ रचना कॅनडासारखीच, मालक राज्य. पण १९९२ मध्ये ७३ वी आणि ७४ वी घटनादुरुस्ती झाली, १९९३ मध्ये लागू झाली, आणि आपल्या पंचायती आणि नगरपालिका त्या इतर अधिकारांच्या रकान्यात आल्या. काय काय लिहिलं गेलं? मुदत पाच वर्षं, त्याहून जास्त नाही. मुदत संपायच्या आधी निवडणूक झाली पाहिजे, आणि मध्येच बरखास्त केली तर सहा महिन्यांच्या आत. अनुसूचित जाती-जमाती आणि महिलांना आरक्षण. निवडणूक घ्यायला स्वतंत्र राज्य निवडणूक आयोग. हे सगळं सक्तीचं आहे. म्हणजे कागदावर तरी ग्रेटर लंडन कौन्सिलसारखी निवडणूकच रद्द करणारा कायदा आपल्याकडे विधानसभेला करता येत नाही.

पण कामं कोणती द्यायची? तिथे घटना मवाळ होते. बाराव्या अनुसूचीत १८ विषयांची यादी आहे, नगररचना, पाणी, कचरा, रस्ते, झोपडपट्टी सुधारणा असे, पण राज्य ही कामं महापालिकेला देऊ शकेल असं लिहिलंय, दिलीच पाहिजेत असं नाही. सगळी गोची इथे आहे. मुंबईत बघा, झोपडपट्टी पुनर्वसन योजना बघायला वेगळं प्राधिकरण, महानगराच्या नियोजनाला आणि मेट्रोला एमएमआरडीए, आणि ही दोन्ही राज्य सरकारची. महापालिका आहे पण शहरातल्या बऱ्याच मोठ्या गोष्टी तिच्या आवाराबाहेर ठरतात.

आणि महापालिकेच्या आत? आयुक्त हा खरा कारभारी, बजेट तोच मांडतो, टेंडर, अधिकारी, रोजचा कारभार त्याच्याकडे, आणि त्याला नेमतं राज्य सरकार. महापौर मानाचा, पण फाईलवर सही आयुक्ताची. सभागृहानं ठराव केला आणि राज्याला वाटलं की तो कायद्याच्या किंवा लोकहिताच्या विरोधात आहे, तर राज्य तो निलंबित किंवा विखंडित करू शकतं. वर्तमानपत्रात ‘ठराव विखंडित’ अशी दोन कॉलमी बातमी येते ती हीच. पैशाचं पण तसंच. जकात होती तेव्हा रोजचा पैसा महापालिकेच्या स्वतःच्या नाक्यावर जमायचा, लोकांना त्रास होता, ट्रक तासन्‌तास उभे राहायचे, ती गेली ते योग्यच झालं असं मी म्हणेन. पण जुलै २०१७ ला जीएसटी आल्यावर मुंबईची जकात आणि बाकी शहरांत जकातीच्या जागी आलेला स्थानिक संस्था कर, म्हणजे एलबीटी, जे काही उरलं होतं तेही गेलं आणि त्याऐवजी राज्याकडून भरपाईचा हप्ता यायला लागला. स्वतःची कमाई आणि मंत्रालयातून येणारा हप्ता यात जो फरक आहे तो कुठल्याही घरातल्या माणसाला समजावून सांगायची गरज नाही.

राज्याची पकड किती खोल आहे हे गावपातळीवर आणखी स्पष्ट दिसतं. सरपंच कसा निवडायचा? २०१७ मध्ये राज्यानं ठरवलं थेट जनतेतून. २०२० मध्ये सरकार बदललं होतं, त्यांनी ठरवलं सदस्यांमधून. २०२२ मध्ये परत सरकार बदललं, परत थेट जनतेतून. पाच वर्षांत तीनदा फिरलं, आणि एकदाही गावाला विचारायचं कायद्यानं बंधन नव्हतं. दिल्लीचा तर यात संबंधच नाही.

आता परत आमच्या चेंबरकडे येतो. घटना एवढं स्पष्ट सांगते की पाच वर्षांत निवडणूक, मग चार वर्षं प्रशासक कसा काय? तर निवडणूक घ्यायची म्हणजे आधी वॉर्ड आखावे लागतात आणि आरक्षण काढावं लागतं, आणि सगळं तिथेच अडकलं. मार्च २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की स्थानिक संस्थांत ओबीसी आरक्षण द्यायचं तर आधी आयोग नेमून आकडेवारी गोळा करा, त्याशिवाय नाही. राज्यात कुठल्याच पक्षाला ओबीसी आरक्षणाशिवाय निवडणूक नको होती. मार्च २०२२ मध्ये विधिमंडळानं कायदा बदलून वॉर्ड आखायचं काम निवडणूक आयोगाकडून काढून राज्य सरकारकडे घेतलं. मुंबईत आधीच्या सरकारनं वॉर्ड २२७ चे २३६ केले होते, ऑगस्ट २०२२ मध्ये नव्या सरकारनं ते परत २२७ केले. टोरांटोचं ४७ चं २५ आठवतंय ना, तेच हत्यार, फक्त इथे आकडे जवळचे आहेत. यातल्या प्रत्येक गोष्टीवर याचिका, प्रत्येक याचिकेवर तारीख, आणि तोपर्यंत मुंबई, पुणे, ठाणे, नाशिक, नागपूर सगळीकडे राज्यानं बसवलेले प्रशासक.

शेवटी हे सुटलं कुठून? ६ मे २०२५ ला सुप्रीम कोर्टानं आदेश दिला की चार महिन्यांत निवडणुका घ्या, ओबीसी आरक्षण २०२२ च्या आधीच्या स्थितीप्रमाणे ठेवा. ते पण वेळेत झालं नाही, मग ३१ जानेवारी २०२६ ही शेवटची मुदत पडली, आणि महापालिकांचं मतदान जानेवारी २०२६ मध्ये झालं. म्हणजे रकान्यात लिहिलेली ओळ कामाला आली, टोरांटोच्या लोकांना जे मिळालं नाही ते आपल्याला मिळालं, पण चार वर्षांनी. मला या गोष्टीचा राग येतो हे लपवत नाही. हक्क घटनेत असणं आणि तो मुदतीत वाजवून घेता येणं यात एवढं अंतर असायला नको होतं, कारण मधल्या चार वर्षांत शहरांची हजारो कोटींची बजेटं एकाही निवडून आलेल्या माणसाच्या मताशिवाय पास झाली.

दिल्लीचा हात अजिबातच पोचत नाही असं मी काकांना म्हटलं होतं, त्यात दोन दुरुस्त्या कराव्या लागतील. एक, पैसा. केंद्रीय वित्त आयोगाकडून स्थानिक संस्थांना अनुदान येतं आणि पंधराव्या वित्त आयोगानं निवडून आलेली संस्था असणं ही अट घातली होती, म्हणजे दिल्ली निवडणूक लावू शकत नाही पण न लावणाऱ्याच्या शहरांचा निधी अडू शकतो. दुसरी गंमतीची गोष्ट म्हणजे खुद्द दिल्ली शहर. तिथली महापालिका २०१२ मध्ये तीन तुकड्यांत गेली होती, २०२२ मध्ये संसदेनं कायदा करून ती परत एक केली आणि वॉर्ड २७२ वरून २५० झाले. दिल्ली पूर्ण राज्य नाही, म्हणून तिथे महापालिकेचा मालक बराचसा केंद्रच. म्हणजे संघराज्याच्या पोटात एक छोटं लंडन.

एक गैरसमज मात्र होऊ देऊ नका, की एकात्म देशात महापालिका नेहमी दुबळीच. डेन्मार्क एकात्म आहे आणि तिथली नगरपालिका लोकांच्या पगारावर स्वतःचा आयकर लावते, शाळा, पाळणाघरं, म्हाताऱ्यांची देखभाल सगळं बघते. आपल्या कुठल्याही महापालिकेनं स्वप्नात पण बघितले नसतील एवढे अधिकार. पण तिथल्या संसदेनं ठरवलं आणि २००७ मध्ये २७१ नगरपालिकांच्या ९८ करून टाकल्या. अधिकार भरपूर, मालकी संसदेचीच. फ्रान्समध्येही १९८२ पर्यंत सरकारचा प्रीफेक्ट महापौराचे निर्णय आधीच अडवू शकायचा, त्या वर्षी कायदा बदलला आणि आता त्याला आक्षेप असेल तर तो प्रशासकीय कोर्टात जातो, स्वतः रद्द करू शकत नाही. आपल्या ‘ठराव विखंडित’शी हे जरा ताडून बघा, एकात्म देशानं कोर्टाकडे दिलेलं काम आपल्या संघराज्यात अजून मंत्रालयातच होतं.

त्यामुळे कुठल्याही देशाच्या शहराबद्दल वाचताना मी आता ‘एकात्म की संघराज्य’ यावर थांबत नाही. त्यातून फक्त मालक कोण एवढं कळतं. पुढे विचारायचं की वॉर्ड कोण आखतं, निवडणूक पुढे कोण ढकलू शकतं, मुख्य अधिकारी कोण नेमतं, आणि कर वाढवायला कोणाची परवानगी लागते. ही चार उत्तरं एकाच ऑफिसात सापडली तर ती संस्था स्थानिक आहे पण स्वराज्य नाही.

काकांना हे सगळं सांगितलं तेव्हा ते थोडा वेळ गप्प बसले आणि मग त्यांनी पत्रावरचा पत्ता खोडला. आधी मुख्यमंत्री लिहिलं, मग मी सांगितलं की नगरविकास खात्याचे प्रधान सचिव पण लिहा, महापालिकांचं खातं तेच, तर ते पण लिहिलं. जानेवारीत मतदान झालं, आमच्या प्रभागाला नगरसेवक मिळाला, त्यानं चेंबर स्वतः येऊन बघितलं आणि आयुक्तांना पत्र दिलं. आता नव्या पाइपलाइनच्या खर्चाची मंजुरी आयुक्तांच्या टेबलावर आहे.